एकच दर लावून जोखमीचा रोखा मोजू नका: क्रेडिट स्प्रेड, टिकण्याची शक्यता आणि वसुली यांचा हिशेब

ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या एका काकांना पेन्शनीतून उरलेले दोन लाख गुंतवायचे होते. एका वित्तसंस्थेचा एनसीडी, म्हणजे शेअरमध्ये न बदलणारा कर्जरोखा, त्यांनी एक्स्चेंजवर शोधून ठेवला होता. दर्शनी किंमत 1000, व्याज दरवर्षी 10%, मुदत संपायला तीन वर्षं बाकी, भाव 950. ‘‘यील्ड बारा टक्क्यांच्या वर पडतंय. सरकारी रोखा साडेसहा देतो. मग घेऊ ना?’’

कंपनी कुठली याला इथे महत्त्व नाही. पुढचे आकडेही हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. पण प्रश्न अगदी खरा आहे, आणि यील्ड हा आकडा त्याचं उत्तर देऊ शकत नाही. कंपनीने ठरल्या दिवशी प्रत्येक हप्ता दिला तर मिळणारा परतावा, एवढंच 12.1% सांगतात. कंपनी देणार की नाही, याबद्दलची बाजाराची शंका त्या एका दरात अशी मुरलेली असते की ती किती आहे ते वेगळं दिसत नाही. ती बाहेर काढायची तर हिशेब दोन फांद्यांनी करावा लागतो: कंपनी टिकली तर काय मिळेल आणि बुडाली तर काय मिळेल.

पहिलं काम: जोखीम नसलेला दर

आधी सरकारी रोख्यांचे दर हवेत, तेही वर्षागणिक वेगळे. एका वर्षाने येणाऱ्या रुपयाला एका वर्षाचा दर, तीन वर्षांनी येणाऱ्याला तीन वर्षांचा. भारतात यासाठी एफबीआयएल ही संस्था रोजचा शून्य-कूपन दरांचा, म्हणजे मधे व्याज न घेता शेवटी एकदाच मिळणाऱ्या रकमेच्या दरांचा, तक्ता काढते. आपण 6%, 6.25% आणि 6.5% धरू. यावरून आजच्या किमतीचे गुणक येतात: 0.9434, 0.8858 आणि 0.8278. म्हणजे तीन वर्षांनी नक्की मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत 82.78 रुपये.

इथे एक खड्डा आहे. आपल्याकडे सरकारी रोख्यांचं यील्ड सहामाही चक्रवाढीने सांगतात, आणि वर्षातून एकदा व्याज देणाऱ्या एनसीडीचं वार्षिक. सहामाही 6.40% म्हणजे वार्षिक 6.50%. एवढ्याशा फरकाकडे दुर्लक्ष केलं तर स्प्रेड, म्हणजे सरकारी दराच्या वर मिळणारा जादा दर, दहा बेसिस पॉइंटने, म्हणजे 0.10% ने, फुगलेला दिसतो. त्यामुळे सगळे दर आधी वार्षिक करून घ्या.

आता हाच एनसीडी सरकारने काढला असता तर? 100, 100 आणि 1100 या तीन रकमांना हे गुणक लावले की किंमत येते 1093.5 रुपये. बाजार देतोय 950. मधले साधारण 143 रुपये म्हणजे बाजाराने कंपनीच्या जोखमीसाठी मागितलेली सूट. तीच गोष्ट दराच्या भाषेत सांगायची तर 1093.5 ला यील्ड 6.47% आणि 950 ला 12.09%, म्हणून स्प्रेड सुमारे 5.6%.

दुसरं काम: टिकण्याची शक्यता आणि वसुली

आता दोन गोष्टी धरायच्या. एक, कंपनी दरवर्षी किती शक्यतेने टिकेल. दोन, बुडाली तर दर्शनी किमतीवर किती टक्के हाती येतील.

वसुली आधी घेऊ, कारण तिथे माणसं सगळ्यात बेफिकीर असतात. कंपनीने पैसे थकवले, म्हणजे डिफॉल्ट केला, तर भरपाई देणारे करार जिथे विकले जातात त्या जगभरच्या डिफॉल्ट स्वॅप बाजारात वरिष्ठ, विनातारण कर्जाला 40% धरायचा रिवाज आहे. आपणही सुरुवातीला 40% धरू, म्हणजे 1000 मागे 400. पण वसुली वेळेवर येत नाही हे लक्षात ठेवा. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचे हप्ते 2019 च्या मध्यात थकले, आणि दिवाळखोरी कायद्याखाली धनकोंना पैसे वाटले गेले सप्टेंबर 2021 मध्ये. दोन वर्षांनी येणारे 400 रुपये आज सरकारी दरानेसुद्धा 354 च भरतात. तेव्हा ‘‘शेवटी 40% मिळतील’’ असं वाटत असेल तर तक्त्यात 35% लिहिणं जास्त प्रामाणिक. शिवाय प्रत्येक कागदाला वसुली असतेच असं नाही. मार्च 2020 मध्ये येस बँकेचे 8,415 कोटींचे एटी-1 रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली की आधी झळ सोसणारे भांडवली रोखे, शून्यावर लिहिले गेले. तो निर्णय पुढे न्यायालयात वादात सापडला, पण असल्या रोख्याची किंमत काढताना वसुली शून्यच धरावी.

टिकण्याच्या शक्यतेसाठी आधी एक अंदाज करू: दरवर्षी 92%. म्हणजे त्या वर्षी बुडण्याची शक्यता 8%. दुसऱ्या वर्षअखेरपर्यंत टिकण्याची शक्यता 92% च्या 92%, म्हणजे 84.64%, आणि तिसऱ्या वर्षअखेर 77.87%. दुसऱ्या वर्षात बुडण्याची शक्यता मात्र 8% नव्हे, 7.36%, कारण दुसऱ्या वर्षात बुडायला कंपनी पहिल्या वर्षातून पार पडलेली असायला हवी. तिसऱ्या वर्षात 6.77%. नवख्याचा तक्ता बहुतेक वेळा इथेच चुकतो. तपासायची सोपी खूण अशी: तिन्ही वर्षांतल्या बुडण्याच्या शक्यता आणि शेवटी टिकण्याची शक्यता यांची बेरीज बरोब्बर 100% व्हायला हवी. इथे 8 + 7.36 + 6.77 + 77.87, झाली.

तिसरं काम: दोन्ही फांद्यांची बेरीज

सोपेपणासाठी धरू की वर्षात कधीही डिफॉल्ट झाला तर त्या वर्षीचं व्याज बुडतं आणि वसुली वर्षअखेरीला मिळते.

पहिल्या वर्षी व्याजाचे 100 रुपये 92% शक्यतेने येतील. त्यांची आजची किंमत 86.79. बुडण्याची 8% शक्यता गुणिले 400, त्याचे आज 30.19. दोन्ही मिळून 116.98. दुसऱ्या वर्षी याच पद्धतीने 74.98 आणि 26.08, म्हणजे सुमारे 101.05. तिसऱ्या वर्षी मुद्दलासकट 1100 रुपये 77.87% शक्यतेने, त्याचे आज 709.10, आणि वसुलीचे 22.42, एकूण 731.52. तिन्ही वर्षांची बेरीज 949.55 रुपये.

बाजारभाव 950 आहे. म्हणजे आपला 92% चा अंदाज बाजाराशी जुळला. अर्थात हा योगायोग नव्हे, आकडे मी तसेच निवडले आहेत. प्रत्यक्षात उलटं करायचं असतं: भाव माहीत, वसुली धरलेली आणि टिकण्याची शक्यता शोधायची. स्प्रेडशीटमध्ये ते मिनिटभराचं काम आहे. B2 ते B4 मध्ये तीन दर, H1 मध्ये टिकण्याची शक्यता, H2 मध्ये वसुली, H3 मध्ये 100, H4 मध्ये 1000:

```
A2:A4   1, 2, 3
C2      =1/(1+B2)^A2
D2      =$H$1^A2
E2      =$H$1^(A2-1)-D2
F2      =C2*(D2*$H$3+E2*$H$2*$H$4)
H6      =SUM(F2:F4)+C4*D4*H4
```

C2 ते F2 खाली दोन ओळी ओढायचे. मग `Goal Seek` उघडून H6 ची किंमत 950 व्हावी म्हणून H1 बदलायला सांगायचं. एक्सेलमध्येही हे मिळतं आणि फुकटच्या लिब्रेऑफिसमध्येही.

हातात स्प्रेडशीट नसेल तर झटपट अंदाज असा: स्प्रेड भागिले बुडणारा हिस्सा. 5.6% ला 0.6 ने भागलं की 9.3%. हा आकडा 8% पेक्षा जास्त येतो, कारण वार्षिक चक्रवाढीत नुकसान वर्षअखेरच्या वाढलेल्या रकमेवर बसतं. आधी 1.12 ने भागून मग 0.6 ने भागा, उत्तर 8.3% च्या आसपास येतं. चहाच्या टपरीवर एवढं पुरे. ज्या रोख्याचे व्यवहारच होत नाहीत त्याची किंमत काढतानाही रस्ता हाच: त्याच रेटिंगच्या, त्याच मुदतीच्या दुसऱ्या रोख्याचा स्प्रेड घ्यायचा, त्यावरून बुडण्याची शक्यता काढायची आणि ती आपल्या रोख्याच्या तक्त्यात घालायची.

मग एकच दर कुठे फसतो?

काकांचा पुढचा प्रश्न रास्त होता. ‘‘सगळं करून तू 950 लाच आलास. मग माझ्या 12.1% ने काय बिघडवलं होतं?’’

950 ला काहीच बिघडवलं नव्हतं. यील्ड त्याच भावातून काढलेलं असतं, त्यामुळे तो रोखा तरी बरोबर मोजला जाणारच. एका रोख्यावरून काढलेला दर त्याच कंपनीच्या दुसऱ्या रोख्याला लावला की घोटाळा सुरू होतो. कंपनी जितकी अडचणीत, तितका घोटाळा मोठा.

समजा बातम्या बिघडल्या आणि काकांचा एनसीडी 569 वर आला. 40% वसुली धरली तर या भावाला जुळणारी टिकण्याची शक्यता वर्षाला 60% येते. यील्ड दिसतं 35.6%. आता त्याच कंपनीचे आणखी दोन एनसीडी घेऊ, दोन्ही 10% व्याजाचे: एकाची मुदत वर्षभर उरलीय, दुसऱ्याची पाच वर्षं. चौथ्या आणि पाचव्या वर्षाला सरकारी दर 6.6% आणि 6.7% धरू.

35.6% हा एकच दर लावला तर वर्षभराचा रोखा 811 ला यायला हवा. दोन फांद्यांचा हिशेब सांगतो 774. पाच वर्षांच्या रोख्याचं उलट होतं: एकाच दराने 437, दोन फांद्यांनी 504. म्हणजे एकच दर लावणारा माणूस लहान मुदतीचा रोखा महाग घेईल आणि लांब मुदतीचा स्वस्तात विकून टाकेल. दोन्हीकडून तोटाच.

कारण असं. कंपनी बुडाली की रोख्याच्या मुदतीला अर्थ उरत नाही. एक वर्षवाला आणि पाच वर्षंवाला एकाच रांगेत उभे राहतात आणि दोघांचा दावा मुद्दल अधिक साठलेल्या व्याजावर असतो. दोघांनाही साधारण 400 च मिळणार. म्हणून कंपनी बुडायच्या बेतात आली की तिच्या सगळ्या रोख्यांचे भाव, मुदत कितीही असो, वसुलीच्या आकड्याकडे सरकू लागतात. यील्डला ही खालची फरशी दिसत नाही. त्याच्या हिशेबात पाच वर्षांनी येणारं मुद्दल पाच वेळा 1.356 ने भागलं जातं, बुडाल्यावर हाती येणारे 400 त्याच्या खिजगणतीत नसतात.

गणिताने सांगायचं तर एकच दर ही चूक नव्हे, एक खास परिस्थिती आहे. वसुली शून्य, सरकारी दर सगळ्या मुदतींना सारखा आणि बुडण्याची शक्यता दरवर्षी तेवढीच, असं धरलं की दोन्ही पद्धती तंतोतंत जुळतात. डिफॉल्टच्या आदल्या क्षणी रोख्याची जी बाजारकिंमत असेल तिच्या ठराविक टक्के वसुली मिळते, असं धरलं तरीही हिशेब एका स्प्रेडमध्ये मावतो. अभ्यासात ही दुसरी रीत सोयीची म्हणून वापरतात. पण धनकोंच्या दाव्याचा अर्ज भरताना बाजारभाव कोणी विचारत नाही, तिथे मुद्दल आणि थकलेलं व्याज लिहितात.

वसुलीचा आकडा कधी महत्त्वाचा, कधी नाही

950 च्या भावाला वसुली 40% ऐवजी 20% धरून पाहा. बुडण्याची वार्षिक शक्यता 8% वरून 6.2% वर येते. भाव तोच. म्हणजे एका भावातून दोन अज्ञात गोष्टी सुटत नाहीत, एक आपल्याला ठरवावीच लागते. भाव 1000 च्या जवळ असताना याने फारसं अडत नाही. दोन्ही चुका एकमेकींना खातात, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या रोख्याची किंमत जवळपास तीच येते.

भाव 569 वर गेला की हे चालत नाही. तिथे वसुली 20% धरली तर टिकण्याची शक्यता 60% ऐवजी 72% निघते, आणि पाच वर्षांच्या रोख्याची किंमत 504 ऐवजी 462. म्हणून अडचणीतल्या कंपनीत शक्यतेच्या तिसऱ्या दशांशापेक्षा तारण काय आहे, त्यावर आपल्या आधी कोणाचा हक्क आहे, रोखेधारकांच्या वतीने तारण सांभाळणाऱ्या डिबेंचर ट्रस्टीच्या नावावर नक्की काय गहाण आहे, हे वाचण्यात वेळ घालवावा. माहितीपत्रकात तारणाच्या कलमात ‘पारी पासू’ लिहिलेलं असेल तर इतर धनकोही त्याच तारणात समान हक्काने वाटेकरी आहेत.

निघालेले 8% कसे वाचायचे

इथे बरेच जाणकारसुद्धा घसरतात. 8% ही बाजारभावातून निघालेली शक्यता आहे, कंपनी खरंच बुडण्याच्या वारंवारतेचा अंदाज नव्हे. रेटिंग संस्था दरवर्षी डिफॉल्टचा जो अभ्यास प्रसिद्ध करतात त्याच्याशी ताडून पाहिलं तर चांगल्या रेटिंगच्या कागदाला बाजारातून निघणारा आकडा सहसा बराच मोठा असतो. त्या फरकात दोन गोष्टी असतात: जोखीम उचलण्याचा मोबदला आणि रोखा पटकन विकता न येण्याची भरपाई.

दुसरी गोष्ट एनसीडीत मोठी असते. खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी उघडून पाहा. 950 ला दहा नग विकायला, 925 ला पाच नग घ्यायला आणि मधे शुकशुकाट, असं असेल तर स्प्रेडमधला एक तुकडा कंपनीच्या तब्येतीचा नसून या शुकशुकाटाचा आहे. तो दीड टक्का धरला तर जोखमीसाठी 4.1% च उरतात आणि बुडण्याची शक्यता 8% ऐवजी 6% च्या आसपास येते. तक्त्यात हे करायला सरकारी दरांत प्रत्येकी 1.5% मिळवा आणि पुन्हा `Goal Seek` चालवा. आणखी एक बघायचं: एक्स्चेंजवर शेअरांसारखे विकले जाणारे एनसीडी साठलेल्या व्याजासकट भावाने जातात. व्याजाच्या तारखेच्या अलीकडे 1040 भाव दिसला तर तो महाग असेलच असं नाही, त्यात नऊ-दहा महिन्यांचं व्याज बसलेलं असतं.

काकांनी कंपनीचे ताळेबंद पाहून स्वतःचा अंदाज केला: वर्षाला 3%. तो तक्त्यात घातला की किंमत 1037 येते. 950 आणि 1037 यांतले 87 रुपये म्हणजे, काकांचा अंदाज बरोबर असेल तर, जोखीम उचलल्याबद्दल बाजार देत असलेली रक्कम. पण हे 87 रुपये सरासरीतले आहेत. अशा पन्नास कंपन्यांत पैसे विखुरणाऱ्या फंडाला ते मिळतील. एकाच कंपनीत दोन लाख घालणाऱ्याला सरासरी मिळत नाही. त्याला एक तर सगळे हप्ते मिळतील किंवा मुद्दलातले लाखभर जातील आणि उरलेल्यांसाठी दोन वर्षं वाट पाहावी लागेल. मी त्यांना सांगितलं, ‘‘काका, या एका कंपनीत दोन लाख नकोत.’’

वर्षं वेगळी काढा

आपण आतापर्यंत दरवर्षी सारखीच शक्यता धरली. कंपनीचा दुसरा रोखाही बाजारात असेल तर तेही सुटं करता येतं. त्याच कंपनीचा एक वर्ष उरलेला 10% चा एनसीडी 1000 ला जात होता. एक वर्षाचा हिशेब हातानेही होतो. 1000 ला 0.9434 ने भागलं की 1060. टिकली तर 1100, बुडाली तर 400, म्हणून टिकण्याची शक्यता 660 भागिले 700, म्हणजे 94.3%. पहिल्या वर्षाची जोखीम 8% नव्हे, 5.7%.

मग तीन वर्षांच्या रोख्यात पहिलं वर्ष 94.3% वर पक्कं करायचं आणि पुढच्या दोन वर्षांसाठी 950 जुळेल अशी शक्यता शोधायची. ती येते 90.7%, म्हणजे कंपनी तोवर टिकली असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी बुडण्याची शक्यता प्रत्येकी 9.3%. तक्त्यात D3 ला `=D2*$H$7` आणि E3 ला `=D2-D3` लिहून दोन्ही खाली ओढलं, पहिल्या वर्षाचा आकडा H1 मध्ये ठेवला आणि `Goal Seek` ला H7 बदलायला सांगितलं की झालं. एखाद्या वर्षाची शक्यता 100% च्या वर निघाली तर समजा की दोनपैकी एक भाव शिळा आहे किंवा दोन रोख्यांचं तारण सारखं नाही.

बाजार म्हणतोय की पहिलं वर्ष त्यातल्या त्यात बरं, खरी धास्ती त्यानंतरची आहे. अशा वेळी वित्तसंस्थेच्या वार्षिक अहवालात देणी आणि येणी कधी परिपक्व होतात तो तक्ता उघडायचा. काकांनी उघडला. एक ते तीन वर्षांच्या रकान्यात देणी येण्यांपेक्षा ठळकपणे जास्त होती. त्यांनी 12.1% चा रोखा सोडला आणि वर्षभराचा 10% चा पन्नास हजारांपुरता घेतला.